इच्छा नसताना अंघोळ: डिप्रेशन, दहा सेशन आणि एक तक्ता

मागच्या महिन्यात एका मित्राच्या भावाने मला विचारलं की तू त्या काउन्सेलिंगला जायचास तिथे नक्की करतात काय, नुसतं बोलतात का. त्याला फोनवर सांगत बसलो आणि अर्धा तास गेला, म्हणून आता सगळं तारखांसकट लिहून काढतोय. मी नाशिकला राहतो, वय ३९, एका खासगी कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. डॉक्टर वगैरे नाही, त्यामुळे हे फक्त माझ्या बाबतीत काय झालं एवढंच समजा.

सुरुवात कधी झाली ते मला सांगता येत नाही. २०२३ च्या दिवाळीत आकाशकंदील माळ्यावरून काढायचा राहिला, बायकोने दोनदा आठवण केली आणि मी "उद्या" म्हणालो, आणि तो उद्या भाऊबीज झाली तरी आला नाही. तोवर ऑफिसातून आल्यावर मी रोज सोफ्यावर मोबाईल घेऊन पडायचो, रविवारचा कॅरम बंद झाला होता, मित्रांचे फोन वाजून वाजून बंद व्हायचे. झोप रात्री दोनला लागायची आणि पाचला जाग यायची. रडू वगैरे येत नव्हतं, त्यामुळे हे डिप्रेशन असेल असं डोक्यातच आलं नाही, मला वाटायचं मी आळशी झालोय.

१९ जानेवारी २०२४ ला फॅमिली डॉक्टरकडे गेलो ते थकव्यासाठी. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी व्हिटॅमिन तपासायला सांगितलं, लॅबचे २२०० रुपये झाले. बी-१२ जरा कमी निघालं, थायरॉइड नॉर्मल. या तपासण्या आधी करून घ्या हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो. त्यांनी बी-१२ च्या गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, "एवढ्याने हे होणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा." मला राग आला. चिठ्ठी पंधरा दिवस पाकिटात होती.

३ फेब्रुवारीला शनिवारी गेलो. दीड तास वेटिंग, फी ८००, नंतरच्या प्रत्येक वेळी ५००. आत जायच्या आधी एक नऊ प्रश्नांचा कागद भरायला दिला, त्याला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत कुठली गोष्ट किती दिवस जाणवली त्याप्रमाणे प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन मार्क, एकूण २७. माझे १९ आले. दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी जास्त, वीसपासून तीव्र असं धरतात. नववा प्रश्न मरून जावं असं वाटतं का हा आहे, तिथे मी "काही दिवस" वर खूण केली होती, डॉक्टरांनी बाकीचं बाजूला ठेवून आधी त्याबद्दलच सरळ विचारलं, काही ठरवलंय का, घरात काय आहे, कोणाला सांगितलंय का. तसं काही ठरवलेलं नव्हतं. पण तुमची तिथे शून्याच्या वर खूण असेल तर पुढे मी लिहिलेला तक्ता बिक्ता एकट्याने करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि रात्री-बेरात्री कोणीच नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी हेही विचारलं की कधी उलटं झालंय का, म्हणजे चार-पाच दिवस झोप न घेता भरपूर उत्साह, पैसे उधळणं वगैरे. तसं झालं असेल तर उपचारच वेगळे असतात, त्यामुळे ते लपवू नका.

गोळी सुरू झाली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कोणीतरी मेडिकलमध्ये जाऊन मागेल. महिन्याला साधारण साडेतीनशे रुपये. डॉक्टर म्हणाले परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. सहा आठवड्यांची रजा लिहून दिली, ५ फेब्रुवारी ते १६ मार्च. ऑफिसात सिक लीव्ह सात दिवस होती, बाकी पीएल गेली आणि शेवटचे काही दिवस बिनपगारी. एचआरने सर्टिफिकेटची ओरिजिनल मागितली, झेरॉक्स आधीच काढून ठेवा कारण मला नंतर ती परत मिळाली नाही. आणि कामावर परत येताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं हे कोणी सांगितलंच नाही, त्यासाठी शेवटच्या दिवशी पळापळ झाली. मेडिक्लेमचंही विचारून बघितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असं आहे, पण माझी पॉलिसी फक्त ऍडमिट झाल्यावरची, ओपीडी त्यात कुठल्याच आजाराची नाही, त्यामुळे सगळं खिशातून.

डॉक्टरांनीच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचं नाव दिलं. पहिली वेळ मिळाली १७ फेब्रुवारीला, ५० मिनिटं, हजार रुपये. मला वाटलं होतं लहानपणापासून सगळं विचारतील. त्यांनी थोडं विचारलं आणि मग एक तक्ता पुढे ठेवला, वर वार, डावीकडे सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंतचे तास. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी, त्या तासात काय केलं आणि मूड दहापैकी किती. आठवडाभर काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. मी म्हणालो, "मॅडम, सगळीकडे एकच लिहीन, पडून होतो, मूड एक." त्या म्हणाल्या, "लिहा ना, बघू." एक टीप, रात्री बसून दिवसभराचं आठवून लिहू नका, डिप्रेशनमध्ये आठवणीतला सगळा दिवस काळाच दिसतो. मी मोबाईलवर दर तीन तासांनी अलार्म लावला होता.

२४ तारखेला तो कागद घेऊन गेलो तेव्हा मलाच गंमत वाटली. सगळीकडे एक नव्हता. सगळ्यात खाली होता सकाळी साडेआठ ते साडेदहा, म्हणजे गादीत पडून विचार करत राहण्याचा वेळ, आणि रात्री मोबाईलचा वेळ, जो मी "जरा रिलॅक्स" म्हणून धरत होतो. आणि बुधवारी दुपारी एका चौकटीत चक्क चार होता. त्या दिवशी सोसायटीची मोटर जळाली, प्लंबर आला आणि खाली दुसरं कोणीच नव्हतं म्हणून मला त्याच्याबरोबर वीस मिनिटं उभं राहावं लागलं. मला प्लंबरबद्दल काही प्रेम नाही. पण मूड एकवरून चारवर गेला होता आणि ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मग त्यांनी कागदावर एक गोल काढला. आयुष्यात काहीतरी बिनसतं, माणूस गोष्टी कमी करतो, कमी केल्यामुळे ज्यातून थोडाफार आनंद किंवा "हे जमलं" असं समाधान मिळतं तेही कमी होतं, मन अजून खाली जातं, मग अजून कमी करतो. गोल फिरत राहतो. आपण वाट बघतो की आतून बरं वाटलं की बाहेर काम सुरू करू. या पद्धतीत उलटं करतात, आधी बाहेरची कृती, आणि मन मागून येतं. याला बिहेविअरल ऍक्टिव्हेशन म्हणतात. मी विचारलं की इच्छाच नसेल तर करू कसं, तर त्या म्हणाल्या, "इच्छा नाही असंच धरून आपण प्लॅन करतोय. इच्छा असती तर तक्ता कशाला लागला असता?" मला आमच्या गावचा हापसा आठवला. तो बरेच दिवस चालवला नाही की कोरडा पडायचा, कितीही हापसलं तरी नुसती हवा यायची, मग आजी आधी वरून तांब्याभर पाणी ओतायची, तेव्हा कुठे खालचं पाणी चढायचं.

त्या आठवड्यासाठी तीनच गोष्टी लिहिल्या. रोज सव्वाआठला दात घासून गॅलरीत खुर्चीवर चहा, दहा मिनिटं. मंगळवार, गुरुवार, शनिवार अकराच्या आत अंघोळ. शुक्रवारी संध्याकाळी सहाला खाली जाऊन अर्धा लिटर दूध. ३९ वर्षांच्या माणसाने हजार रुपये देऊन अंघोळीचं वेळापत्रक करून घेतलं, हे मला तेव्हा इतकं लाजिरवाणं वाटत होतं की घरी आल्यावर कागद बायकोला दाखवला नाही.

निकाल: गॅलरी सातपैकी पाच दिवस, अंघोळ तीनपैकी एकदा, दूध नाही. २ मार्चचं सेशन रद्द करायचा मेसेज मी टाइप करून ठेवला होता. बायको म्हणाली, "नापास झालास म्हणून शाळेतच जायचं नाही का?" म्हणून गेलो. पीएचक्यू १७ होता, म्हणजे जवळजवळ तिथेच.

इथे मला ही पद्धत खरी कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॅडमनी का नाही जमलं असं विचारलं नाही, त्यांनी विचारलं मंगळवारी साडेदहाला नक्की काय काय झालं, एकेक मिनिट सांगा. मी सांगितलं, उठलो, गिझर लावला, पाणी तापायला पंधरा मिनिटं लागतात म्हणून तेवढ्यापुरता गादीवर आडवा झालो, मोबाईल हातात घेतला, आणि साडेअकरा झाले. गुरुवारी? तेच. आणि शनिवारी, जेव्हा जमलं? शनिवारी बायकोने आधीच गिझर लावलेला होता, मी सरळ आत गेलो. म्हणजे अंघोळीचा कंटाळा वगैरे नंतरची गोष्ट, गाडी अडत होती त्या पंधरा मिनिटांत. मी आठवडाभर स्वतःला घाणेरडा, आळशी म्हणत होतो आणि प्रॉब्लेम गिझरचा होता!

मग प्लॅन असा झाला. रात्रीच टॉवेल आणि कपडे बाथरूममध्ये टांगून ठेवायचे. गिझर लावला की बेडरूममध्ये जायचं नाही, स्वयंपाकघरात स्टूलवर बसायचं आणि पाणी तापेपर्यंत लसूण सोलायचा किंवा कोथिंबीर निवडायची. मोबाईल चार्जिंगला हॉलमध्ये. आणि अगदीच नको झालं तर फक्त पायांवर दोन मग पाणी घ्यायचं, तरी तक्त्यात बरोबरची खूण. दोन मग घेतल्यावर कोणी तसाच बाहेर येत नाही, पण ती सूट असल्यामुळे आत जायला हरकत वाटत नाही. त्या आठवड्यात तीनपैकी तीन. घरात लसूण मात्र गरजेपेक्षा जास्त सोलला गेला.

त्याच सेशनला तक्त्यात दोन रकाने वाढले, मजा किती आणि जमल्याचं समाधान किती, दोन्ही दहापैकी. आणि मजेचा आकडा दोनदा लिहायचा, करायच्या आधी अंदाज आणि केल्यावर प्रत्यक्ष. अंघोळीचा अंदाज शून्य, प्रत्यक्षात दोन, समाधान पाच. पहिले तीन-चार आठवडे माझी मजा दोन-तीनच्या वर गेलीच नाही हे मोकळेपणी सांगतो, समाधान आधी येतं आणि मजा फार उशिरा. मला हे आधी कळलं नसतं तर "बघ, मजा येत नाही" म्हणून सोडून दिलं असतं. पण एक गोष्ट कागदावर दिसायला लागली की माझा अंदाज जवळजवळ प्रत्येक वेळी खऱ्यापेक्षा कमी असतो. त्यानंतर "काही उपयोग नाही" असा विचार यायचा तेव्हा तो खोडून काढायच्या भानगडीत मी पडत नसे, तो अंदाजाच्या रकान्यात लिहायचा आणि उठायचं.

सगळ्याच ऍक्टिव्हिटी कामाच्या नसतात हेही लवकरच कळलं. ९ मार्चनंतरच्या आठवड्यात जॉगिंग ट्रॅकवर वीस मिनिटं चालायचं ठरलं, चार दिवस इमानदारीत गेलो आणि चारही दिवस मूड चारवरून दोनवर आला. मला वाटलं, झालं, आपल्यावर हे लागू पडत नाही. मॅडमनी विचारलं चालताना डोक्यात काय चालू असतं. ऑफिसातली एक जुनी मीटिंग, बॉस काय म्हणाले, मी काय म्हणायला हवं होतं, हे रोज वीस मिनिटं. म्हणजे पाय ट्रॅकवर आणि मी अजून गादीतच. त्यांच्या मते हे रवंथ करणं हीसुद्धा एक कृतीच आहे, तीही तक्त्यात लिहायची. दोन मिनिटांचा एक नियम दिला: दोन मिनिटं विचार केल्यावर स्वतःला विचारायचं की यातून काही उपाय निघाला का, काही नवीन कळलं का, स्वतःला कमी दोष देतोय का. तिन्हीला नाही असेल तर हे नुसतं चघळणं आहे, लगेच हातापायांना किंवा डोळ्यांना काहीतरी काम द्यायचं. मी ट्रॅकवर लोकांच्या चपला-बुटांचे रंग मोजायला लागलो. मूर्खपणा वाटतो पण आकडा खाली जायचा थांबला.

१८ मार्चला ऑफिस सुरू झालं आणि तक्त्यातल्या सगळ्या वेळा बदलल्या, अंघोळ आता साडेसातला. २३ तारखेला फोनचा विषय निघाला. कॅरमवाल्या मित्राचा फोन आला की पोटात गोळा, मग फोन उलटा ठेवायचा, पाच मिनिटं बरं वाटायचं, आणि रात्री आपण कसे तुटलो याचं वाईट वाटत बसायचं. ती पाच मिनिटांची सुटका मला चार महिने महागात पडत होती. मेसेज तिथेच मॅडमसमोर बसून लिहिला: "तब्येत बरी नव्हती. ३१ ला रविवारी कॅरमला येतो, अर्धा तासच बसेन." अर्धा तासच हे मुद्दाम, म्हणजे निघायची वाट आधीच मोकळी. मधलं ३० तारखेचं सेशन झालं नाही कारण रंगपंचमी, आणि नाशकात रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारायला अख्खं गाव बाहेर पडतं, क्लिनिक बंद होतं. ३१ ला जाताना अंदाज एक लिहिला होता. तो काय विचारेल याची उत्तरं रिक्षात पाठ केली. तो म्हणाला, "आला का, स्ट्रायकर घे." बस. प्रत्यक्ष पाच, आणि दीड तास बसलो.

६ एप्रिलला पीएचक्यू १२. इथे माझी चूक झाली, ती सांगायलाच हवी. बरं वाटायला लागलं म्हणून मी स्वतःच पुढच्या आठवड्यात चौदा गोष्टी लिहिल्या, बँकेचं केवायसी, सोसायटीचा मेंटेनन्स, माळा आवरणं, पाडव्याला गुढी, रोज चाळीस मिनिटं चालणं, राहिलेलं सगळं एकदम. सहा झाल्या, गुढी उभारली, आणि मग तीन दिवस पुन्हा सोफा. २० एप्रिलला पीएचक्यू १४. मॅडमनी पेन घेऊन चौदापैकी दहा खोडल्या आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यात तुमच्यासाठी काय आहे?" सगळी कामंच होती, समाधानाचा रकाना भरलेला आणि मजेचा रिकामा. माझा तक्ता हळूहळू ऑफिसातल्या पेंडिंग लिस्टसारखा झाला होता. मग नव्याने चारच लिहिल्या, त्यात एक केवायसी आणि दोन निव्वळ टाइमपास, त्यातली एक रविवारची मिसळ.

मधल्या काळात मी या पद्धतीबद्दल वाचत होतो. १९९६ साली अमेरिकेत नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणाऱ्या उपचाराचे, भाग सुटे करून बघितले, तेव्हा फक्त ही कृतीवाली बाजू घेतलेले रुग्ण पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकेच सुधारले. पण मला जास्त जवळचं वाटलं ते गोव्याचं काम. विक्रम पटेल आणि तिथल्या संगाथ संस्थेने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर हे करून बघितलं, सहा ते आठ बैठका, आणि काउन्सेलर म्हणून मानसशास्त्र न शिकलेली, पण ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी डिप्रेशनमधून बाहेर आलेले त्यांच्या गटात १०० मागे ६४, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९. म्हणजे १०० तले ३६ तेवढ्यात बाहेर आले नाहीत हेही आहेच. आणि माझ्या बाबतीत गोळीने किती झालं आणि तक्त्याने किती, हे मला वेगळं काढता येत नाही. मोठं शहर नसेल, सायकॉलॉजिस्ट नसेल, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा, मला हे आधी माहीत असतं तर काही पैसे वाचले असते.

४ मे आणि १८ मे अशी शेवटची दोन सेशन झाली, शेवटी पीएचक्यू ८. दहा सेशनचे दहा हजार, मानसोपचारतज्ज्ञांचे पाच वेळचे मिळून २८००, तपासण्या आणि गोळ्या वेगळ्या. गोळी पुढे बरेच महिने चालू राहिली, नंतर डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली. शेवटच्या सेशनला एक कागद लिहिला, पुन्हा घसरायला लागलो तर सगळ्यात आधी काय दिसेल. बायकोला पण विचारून लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं "झोप कमी होणे", तिने लिहिलं "फोन उलटा ठेवतोस" आणि "गिझर लावून आडवा होतोस". तिचे दोन्ही बरोबर होते. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. मोठा तक्ता आता भरत नाही, रविवारी रात्री फक्त तीन ओळी लिहितो, काय, कधी, आणि आडवं काय येईल.

परवा सोमवारी गिझर लावला आणि सवयीने गादीवर टेकलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लसूण संपलाय, मटार आहेत." गेलो.